११३ किलोमीटरचे ५७१ कसे होतात?

भारताचं आर्क्टिक प्रदेशात एक संशोधन केंद्र आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याचं नाव 'हिमाद्री'. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार बेटांवर नी-ऑलेसुंड नावाची अगदी छोटी वस्ती आहे, तिथे हे केंद्र २००८ साली सुरू झालं. त्याचं काम गोव्यातल्या वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतं. नी-ऑलेसुंडला जायचं तर आधी लाँगयरब्येन या स्वालबारच्या मुख्य गावी उतरावं लागतं आणि तिथून पुढे छोट्या विमानाने किंवा बोटीने जावं लागतं.

आता एक साधा प्रश्न. या दोन गावांमधलं सरळ अंतर किती?

नी-ऑलेसुंड ७८.९२ अंश उत्तर, ११.९३ अंश पूर्व. लाँगयरब्येन ७८.२२ अंश उत्तर, १५.६५ अंश पूर्व. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ज्या पद्धतीने कागदावर (म्हणजे स्क्रीनवर) उतरवलेले असतात, तिला वेब मर्केटर म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये तिचा कोड EPSG:3857. या पद्धतीत प्रत्येक जागेला x आणि y असे दोन आकडे मिळतात आणि त्यांचं एकक चक्क मीटर असतं. मग काय, दहावीतलं अंतराचं सूत्र लावायचं. मी लावून पाहिलं. उत्तर आलं ५७१ किलोमीटर. प्रत्यक्षात पृथ्वीवरचं अंतर आहे सुमारे ११३.५ किलोमीटर.

सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, एकक मीटर, आणि तरी उत्तर पाचपट! गोची आहे ती त्या 'मीटर' या शब्दात.

हे मीटर जमिनीवरचे नाहीत

विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. जसजसं उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जावं तशी अक्षवृत्तं लहान होत जातात. ६० अंशावरचं वर्तुळ विषुववृत्ताच्या जवळपास निम्मं असतं. नी-ऑलेसुंडच्या अक्षांशावर पूर्ण प्रदक्षिणा घातली तर ती जेमतेम ७,७०० किलोमीटरची होईल. ध्रुवावर तर वर्तुळाचा नुसता बिंदू उरतो.

पण नकाशा आयताकृती आहे. त्यात ही सगळी लहानमोठी वर्तुळं एकाच लांबीच्या आडव्या रेषा म्हणून काढलेली असतात. म्हणजे ७,७०० किलोमीटरचं वर्तुळ ताणून ४०,०७५चं केलं. हा ताण किती, ते एका छोट्या सूत्रात बसतं. अक्षांश φ असेल तर:

```
k = 1 / cos(φ)
```

इथवर फक्त पूर्व-पश्चिम ताण झाला. तेवढाच ठेवला असता तर उत्तरेकडची प्रत्येक वस्तू लाटलेल्या पोळीसारखी आडवी पसरली असती. मर्केटरने १५६९ साली आपला नकाशा केला तेव्हा त्याला खलाशांची सोय बघायची होती. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चाललं तर नकाशावर त्याचा मार्ग सरळ रेघ दिसला पाहिजे. त्यासाठी कोन बिघडता कामा नयेत. म्हणून जिथे आडवा ताण जितका, तिथे उभा ताणही तितकाच द्यायचा. आकार टिकला, कोन टिकले, आणि त्याची किंमत अंतराने मोजली.

इंटरनेटच्या नकाशांना हीच गोष्ट सोयीची पडली. कुठल्याही शहरात झूम केलं तरी चौक काटकोनात दिसतो, चौकोनी इमारत चौकोनीच दिसते. ध्रुवापाशी ताण अनंत होतो, म्हणून हे नकाशे सुमारे ८५.०५ अंशावर कापलेले असतात. तिथे कापलं की सगळं जग एका चौरसात बसतं आणि त्या चौरसाचे चार, चाराचे सोळा असे तुकडे करत झूम करता येतो.

आपल्या दोन गावांच्या मधला अक्षांश घ्या, ७८.५७ अंश. त्यासाठी k येतो ५.०५. म्हणजे पाचपट उत्तर का आलं ते कळलं. ५७१ भागिले ११३.५ केलं तर ५.०३ येतात. हा बारीक फरक उरतो, कारण वेब मर्केटर पृथ्वीला चेंडूसारखी पूर्ण गोल धरतो आणि खरी पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे.

चूक कशी ओळखायची?

याची एक गमतीदार खूण आहे. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतचं अंतर सुमारे एक कोटी मीटर आहे. मीटरची मूळ व्याख्याच त्यावरून केली होती. आता नी-ऑलेसुंडचा वेब मर्केटरमधला y बघा: सुमारे १ कोटी ४८ लाख ८१ हजार मीटर. म्हणजे हे गाव उत्तर ध्रुवाच्याही पलीकडे गेलं! असा आकडा दिसला की समजावं, हे जमिनीवरचे मीटर नाहीत.

दुसरी खूण स्केलच्या पट्टीत दिसते. झूम न बदलता नकाशा हळूहळू उत्तरेला सरकवा. चांगल्या ऑनलाइन नकाशात कोपऱ्यातली पट्टी बदलत जाते. आणि अशा नकाशातलं अंतर मोजायचं तयार साधन बहुधा गोलावरून हिशेब करतं, त्यामुळे ते योग्य उत्तर देतं. घोटाळा होतो तो आपण x, y उचलून स्वतः गणित करायला लागतो तेव्हा.

आपल्याकडे ही चूक लपून राहते. पुण्याच्या अक्षांशावर k फक्त १.०५५ आहे. शंभर मीटरचं मैदान साडेपाच मीटरने वाढतं आणि 'मोजताना थोडं इकडेतिकडे झालं असेल' म्हणून आपण सोडून देतो. क्षेत्रफळात मात्र k चा वर्ग लागतो, म्हणजे पुण्यात ११ टक्के वाढ. नी-ऑलेसुंडला ती जवळजवळ २७ पट होते.

यात नुसते मार्क जात नाहीत. नी-ऑलेसुंडजवळच्या कोंग्सफ्योर्डन या खाडीत क्रोनेब्रेन नावाची हिमनदी उतरते. तिच्या तोंडाशी बर्फाचे प्रचंड कडे तुटून पाण्यात पडतात. समजा, बोटींनी एक किलोमीटर लांब राहावं असा पट्टा नकाशावर आखायचा आहे. वेब मर्केटरच्या थरावर १००० मीटरचा बफर काढला, तर जमिनीवर तो पट्टा दोनशे मीटरसुद्धा भरत नाही. स्क्रीनवर मात्र '१०००' असंच लिहिलेलं असतं.

उपाय: तिथला नकाशा तिथल्यासाठी

अख्ख्या जगाला एक नकाशा लावायचा हट्ट सोडला की प्रश्न सुटतो. यूटीएम पद्धतीत नेमकं तेच केलंय. मर्केटरचा सिलिंडर विषुववृत्ताला चिकटवण्याऐवजी आडवा पाडायचा आणि आपल्या भागातल्या एका रेखावृत्ताला लावायचा. त्या रेखावृत्ताच्या आसपास ताण जवळजवळ नसतोच, मग अक्षांश कितीही असो. जगाचे असे ६० झोन आहेत, प्रत्येक साधारण ६ अंश रुंद.

इथे स्वालबारचा एक खास अपवाद आहे आणि तो फसवतो. नेहमीच्या हिशेबाने ११.९३ अंश पूर्व हे झोन ३२ मध्ये येतं आणि लाँगयरब्येन झोन ३३ मध्ये. पण ७२ ते ८४ अंश उत्तर या पट्ट्यात स्वालबारसाठी झोन रुंद केलेत आणि झोन ३३ तिथे ९ ते २१ अंश पूर्व असा पसरतो. त्यामुळे दोन्ही गावं ३३ मध्येच येतात. दोन ठिकाणांचे आकडे दोन वेगळ्या झोनमधले असतील तर त्यांची वजाबाकी करण्यात काही अर्थ नसतो, म्हणून हे आधी बघून घ्यावं. झोन ३३ उत्तरचा कोड EPSG:32633.

पायथॉनमध्ये pyproj असेल तर एवढंच पुरतं:

```python
from pyproj import Transformer
t = Transformer.from_crs("EPSG:4326", "EPSG:32633",
                         always_xy=True)
x1, y1 = t.transform(11.93, 78.92)
x2, y2 = t.transform(15.65, 78.22)
print(((x2-x1)**2 + (y2-y1)**2) ** 0.5)
```

`always_xy` लिहिल्यामुळे आधी रेखांश, मग अक्षांश हा क्रम पक्का होतो. उत्तर येतं सुमारे ११३.५ किलोमीटर. 32633 च्या जागी 3857 घालून चालवलंत की तेच ५७१ परत हजर!

यूटीएमसुद्धा शंभर टक्के अचूक नाही. त्यात मधल्या रेखावृत्तावरचं माप मुद्दाम ०.९९९६ पट ठेवलेलं असतं, म्हणजे झोनच्या कडांकडे चूक फार वाढत नाही. आपल्या उदाहरणात यामुळे अंतर सुमारे ४४ मीटर कमी येतं. ११३ किलोमीटरमध्ये ४४ मीटर! पाचपट चुकीपुढे हे काहीच नाही. पण रस्त्याची किंवा पुलाची आखणी असेल तर हाही फरक काढून टाकावा लागतो.

QGIS वापरत असाल तर एक सापळा टाळा. थराचा कोड नुसता बदलला (Set Layer CRS) तर आतले आकडे तेच राहतात, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलते. थर भलतीकडेच उडून गेला की समजा, हेच झालंय. खरं रूपांतर करायला Reproject Layer वापरायचं. तसंच `$area` हे प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या पृथ्वीच्या आकारावरून क्षेत्रफळ काढतं, पण `area($geometry)` थराचे x, y जसेच्या तसे घेतं. थर वेब मर्केटरमध्ये असेल तर दोन्हींची उत्तरं वेगळी येतात.

स्थानिक नकाशाची हद्दही लक्षात ठेवावी लागते. यूटीएम ८४ अंश उत्तर ते ८० अंश दक्षिण एवढ्यातच चालतं. त्यापलीकडे ध्रुवावर सपाट कागद टेकवून केलेला ध्रुवीय नकाशा घेतात. अंटार्क्टिकासाठी EPSG:3031 आहे, त्याचं माप ७१ अंश दक्षिणेला बरोबर ठेवलंय. आपलं 'मैत्री' केंद्र ७०.७७ अंशावर आहे, म्हणजे तिथे तो जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. पण त्याच नकाशावर दक्षिण ध्रुवापाशी अंतर पावणेतीन टक्क्यांनी कमी भरतं. आणि अंतर खूपच लांबचं असेल, गोवा ते हिमाद्री एवढं, तर कुठलाच सपाट नकाशा चालत नाही. तिथे अक्षांश-रेखांशावरून थेट पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरचं अंतर काढायचं.

थोडक्यात, स्क्रीनवर 'मीटर' दिसलं की आधी कोड बघा. तो 3857 असेल तर तो नकाशा फक्त बघायचा, त्याच्यावर पट्टी ठेवायची नाही.