नकार कळवावा तर असा

पुण्यातल्या आयटी कंपन्यांसाठी माणसं शोधणं हे माझं काम. हिंजवडी असो की खराडी, नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी ६० ते ९० दिवसांचा. एवढ्या काळात उमेदवाराला दुसरी, चांगली ऑफर येते, यात नवल नाही. त्याचा आम्हाला रागही नसतो. नकार कधी आणि कसा कळवला, ते मात्र लक्षात राहतं.

१. आधी नवी ऑफर पक्की करा. ‘तुमचं झालंच समजा’ या फोनवर भरवसा नको. पगार, हुद्दा आणि रुजू होण्याची तारीख असलेलं पत्र हाती येऊ द्या, ते स्वीकारा, मगच पहिल्यांना नाही म्हणा. पहिल्या ऑफरवर सही केली असेल, तर तिच्यातल्या अटी पुन्हा वाचा.

२. ठरलं की त्याच दिवशी कळवा. आमच्या यादीत दुसरा उमेदवार थांबलेला असतो. महिनाभर आधी कळलं, तर त्याला विचारता येतं. रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद असेल, तर तोवर तोही दुसरीकडे गेलेला असतो आणि तुमच्या नावापुढे ‘नो शो’ असा शेरा पडतो.

३. फोन करा, पण मेलही पाठवा. मॅनेजरला दाखवायला आम्हाला लेखी काहीतरी लागतं. एका टेस्टिंग इंजिनिअरचा मेल मी जपून ठेवलाय. मूळ इंग्रजी, मजकूर साधारण असा:

“आपण दिलेल्या ऑफरबद्दल आभारी आहे. मी दुसरीकडे रुजू होण्याचं ठरवलं आहे, त्यामुळे ही ऑफर स्वीकारू शकत नाही. निर्णय पक्का आहे. ऑटोमेशनचं पूर्ण वेळ काम करायचं होतं, ते तिथे मिळतं आहे. आपल्या टीमशी झालेली तांत्रिक चर्चा आवडली. पुढे ऑटोमेशनची जागा निघाली, तर जरूर कळवा.”

४. कारण एकच द्या, आकडा नको. ‘तिकडे चार लाख जास्त मिळतात’ असं लिहिलंत, की मॅनेजर म्हणतो, “विचार त्याला, किती हवेत?” मग घासाघीस सुरू होते. वरच्या मेलमधल्या ‘निर्णय पक्का आहे’ या तीन शब्दांनी ती टळली. ‘ऑटोमेशन’ मात्र मी माझ्या यादीत टिपून ठेवलं.

५. कन्सल्टन्सीला विसरू नका. तिच्यामार्फत गेला असाल, तर मेल दोघांनाही पाठवा. कन्सल्टन्सीची फी बऱ्याचदा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते, आणि ती उमेदवार रुजू झाल्यावरच मिळते. १२ लाखांच्या ऑफरला नाही म्हटलंत, की त्यांचे लाखभर रुपये जातात. निदान ही बातमी त्यांना तुमच्याकडून कळावी.

पुढे त्याच मॅनेजरकडे ऑटोमेशनची जागा निघाली, तेव्हा पहिला फोन मी त्या टेस्टिंगवाल्याला केला. ‘नो शो’वाल्यांना असा फोन जात नाही.