तज्ज्ञ वैद्यांची मुलाखत : प्रश्नांची आखणी आणि ध्वनिमुद्रणाची संमती
(क्षीरबला तैलाच्या पाकाच्या अनुषंगाने)

औषधनिर्माणावरील लेख आपल्या व्यवसायात केवळ वाचला जात नाही, त्यावरून औषध तयारही केले जाते. लेखातील प्रमाण पाहून एखादा औषधनिर्माता २० किलो तीळतेल भट्टीवर चढवतो. लेखकाने ऐकलेला एक आकडा चुकला, तर ते सगळे तेल वाया जाते, आणि ज्या वृद्ध वैद्यांच्या नावावर तो आकडा छापला गेला, त्यांचा लौकिकही जातो. म्हणून अशा लेखासाठी मुलाखत कशी घ्यावी, याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे येथे करीत आहे. एका जुन्या औषधशाळेत तैलविभाग सांभाळणाऱ्या ज्येष्ठ वैद्यांची क्षीरबला तैलाविषयी मी घेतलेली मुलाखत हे ते उदाहरण. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे व संस्थेचे नाव येथे दिलेले नाही.

प्रश्न लिहिण्यापूर्वीचे वाचन

मुलाखतीला जाण्यापूर्वी ग्रंथ उघडावा, पण ग्रंथातलेच विचारण्यासाठी नव्हे. शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडातील ९ व्या अध्यायात स्नेहकल्पनेचे प्रमाण आहे : कल्क एक भाग, स्नेह चार भाग, द्रव सोळा भाग. सिद्धीची लक्षणेही तेथे आहेत. कल्काची वात वळता येणे, अग्नीवर टाकल्यास तडतड न होणे, तैलात फेस येणे, घृतात फेस शमणे ही सर्वांना पाठ असतात. “तैल सिद्ध झाल्याचे कसे ओळखता?” असे विचारले की समोरचे वैद्य श्लोक म्हणतात, आणि आपण घरी बसून जे लिहू शकलो असतो तेच घेऊन परततो. दोष उत्तराचा नसतो, प्रश्नाचा असतो.

वाचताना दोन प्रकारच्या जागा टिपून ठेवाव्यात. पहिली, जेथे ग्रंथांत मतभेद आहे. चरकाचार्य अभ्यंगासाठी खरपाक, नस्यासाठी मृदुपाक आणि पान-बस्तीसाठी मध्यमपाक सांगतात; सुश्रुताचार्य पानासाठी मृदुपाक, नस्य-अभ्यंगासाठी मध्यम आणि बस्ती-कर्णपूरणासाठी खरपाक सांगतात. एकच तैल अभ्यंगासाठीही विकले जाते आणि बस्तीसाठीही, तेव्हा तैलविभागाचा प्रमुख भट्टी कोणत्या क्षणी उतरवतो, हा खरा प्रश्न होतो. दुसरी जागा म्हणजे ग्रंथ जेथे मौन पाळतो किंवा एका शब्दात सांगून पुढे जातो. क्षीरबलेत दूध तैलाइतके सांगितले आहे. पण ते वजनाने की मापाने? २० किलो तीळतेल म्हणजे सुमारे २१.७ लिटर, तर २० किलो दूध म्हणजे सुमारे १९.४ लिटर. सव्वादोन लिटरांचा हा फरक लेखात स्पष्ट व्हायलाच हवा. तसेच ५ किलो कल्क व २० किलो तेलाला एकूण द्रव ८० किलो धरला, तर दूध त्या ८० मध्ये मोजायचे की वेगळे?

प्रश्नांचा क्रम

तासाभराच्या मुलाखतीला सात-आठ मुख्य प्रश्न पुरतात. माझा पहिला प्रश्न असा होता : “आपण गेल्या खेपेस क्षीरबला केले ते कधी, आणि त्या दिवशी सकाळी पहिले काम कोणते केले?” घडलेल्या एका खेपेविषयी विचारले की माणूस “करावे”, “असावे” ही भाषा सोडून “केले”, “ठेवले” या भाषेत बोलू लागतो. त्याच्या मागोमाग काढा कधी तयार झाला, दूध कोणत्या टप्प्यावर घातले, रात्री भट्टी बंद ठेवली तेव्हा कढईत काय शिल्लक होते, असे विचारत जावे. तैल-घृत एका दिवसात सिद्ध करू नये हा संकेत आपण जाणतो. परंतु वैशाखात दूध घातलेली कढई रात्रभर ठेवल्यास ते नासण्याची भीती असते, हे प्रत्यक्ष काम करणाराच जाणतो. ते वैद्य काढ्याचा बराचसा अंश पहिल्या दिवशी आटवून दूध दुसऱ्या दिवशी सकाळी घालतात, हे याच प्रश्नातून निघाले.

“आपण मंदाग्नीवरच पाक करीत असाल ना?” अशा प्रश्नांना केवळ होकार मिळतो. त्याऐवजी “आच कमी करण्याची वेळ आली हे आपल्याला कशावरून कळते?” असे विचारावे.

सर्वांत उपयोगी ठरला तो पाचवा प्रश्न : “नव्याने आलेल्या कारागिराला आपण काय पाहायला सांगता?” येथे त्यांनी श्लोक बाजूला ठेवला. दुधाचा घन अंश कल्कावर बसत असल्यामुळे पाण्याचा अंश उरलेला असतानाच कल्काची वात वळू लागते, असे ते म्हणाले. नवा माणूस तेवढ्यावर फसतो. म्हणून क्षीरपाकात ते वातीच्या लक्षणावर विसंबत नाहीत. ती वात अग्नीवर धरून तडतड ऐकतात. शिवाय कलथा तळाशी फिरवताना आधी चिकट लागणारा साका नंतर रवाळ लागतो, तो स्पर्शातील बदल ते कारागिराच्या हाताला शिकवतात. ग्रंथोक्त लक्षणांपैकी कोणते आधी येते व कोणते निर्णायक मानायचे, हे कळले तेव्हाच लेखाला विषय मिळाला.

वाया गेलेल्या मालाविषयीचा प्रश्न शेवटी ठेवावा. तो आरंभी विचारला तर संकोच होतो. तासाभराने विश्वास बसल्यावर उत्तर मोकळेपणाने येते.

उत्तरातील प्रत्येक आकडा तेथल्या तेथे एककासह पुन्हा म्हणवून घ्यावा. जुनी मंडळी अजूनही शेरात बोलतात. शेर वजनाचाही असे आणि मापाचाही. ८० तोळ्यांचा वजनी शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता. त्यात द्रवद्वैगुण्याची परिभाषा मिसळली की गोंधळ पूर्ण होतो. हे वैद्य “वीस शेर दूध” म्हणाले तेव्हा मी विचारले, “वजनी की मापी? आणि द्रव म्हणून दुप्पट केलेले आहे की नाही?” ते हसले आणि म्हणाले, “तोंडात शेर राहिला आहे हो, काट्यावर आता किलोच आहे. तेल, दूध सगळे वजनावर.” दूध ते ८० किलो द्रवामध्येच धरतात, म्हणजे काढा ६० व दूध २०, हेही तेव्हाच नक्की केले. दूध वेगळे मोजणारी रीतही असू शकते, म्हणून लेखात ही त्यांची रीत आहे असेच लिहावे. शास्त्राचा निर्णय म्हणून देऊ नये.

संमती : एक नव्हे, तीन

“रेकॉर्ड केले तर चालेल ना?” या प्रश्नाला मिळालेला होकार फक्त ध्वनिमुद्रणापुरता असतो. ते शब्द नावासह छापणे ही दुसरी बाब आणि ध्वनिफीत जपून ठेवणे किंवा दुसऱ्याला ऐकवणे ही तिसरी. तिन्हींची संमती वेगवेगळी मागावी, कारण पुष्कळांना पहिली मान्य असते आणि तिसरी नसते. ही कल्पना भेटीच्या दिवशी न देता, वेळ ठरवतानाच मुख्य प्रश्नांसह कळवावी. समोर यंत्र ठेवून विचारल्यास भिडेखातर होकार येतो. मजकूर साधा असावा :

“मी दि. … रोजी क्षीरबला तैलनिर्मितीविषयी वैद्य … यांना मुलाखत देत आहे. (१) तिचे ध्वनिमुद्रण करण्यास माझी संमती आहे / नाही. (२) माझी विधाने माझ्या नावासह / नावाविना या त्रैमासिकात छापण्यास संमती आहे / नाही. (३) ध्वनिफीत लेख छापून झाल्यावर जपून ठेवावी / नष्ट करावी. ती माझ्या परवानगीशिवाय अन्य कोणास देऊ नये. लेख छपाईस जाईपर्यंत मला कोणतेही विधान मागे घेता येईल.”

सही घ्यावीच, शिवाय मुद्रण सुरू होताच दिनांक, स्थळ, उपस्थितांची नावे सांगून संमतीचा प्रश्न पुन्हा विचारावा व उत्तर मुद्रित होऊ द्यावे. दूरध्वनीवरील मुलाखतीत तर ही नोंद अधिक आवश्यक आहे.

आपल्या क्षेत्रात आणखी एक गुंता आहे. बोलणारे वैद्य पगारी असतील, तर निर्मितीची रीत पुष्कळदा मालकाच्या व्यवसायाचे गुपित असते. तेथे त्यांच्या एकट्याच्या संमतीने भागत नाही, मालकाचेही पत्र घ्यावे. स्वतः शोधलेल्या एखाद्या प्रक्रियेवर त्यांना पेटंट घ्यावयाचे असेल, तर अर्जापूर्वी ती छापल्याने तिचे नावीन्य संपते, हे त्यांना आपण होऊन सांगावे. माहिती मिळवण्याच्या घाईत ही गोष्ट झाकून ठेवणे मला अनुचित वाटते.

मुलाखतीच्या मध्यावर वैद्य म्हणाले, “एवढे बंद ठेवा.” त्यांना दिसेल अशा रीतीने यंत्र थांबवले, आणि पुन्हा सुरू करताना “मुद्रण मध्ये थांबवले होते, आता पुन्हा सुरू केले आहे” असे मोठ्याने म्हटले. मधल्या वेळात जे ऐकले ते स्मरणावरून लेखात आणले नाही. बोलण्याच्या ओघात त्यांनी एका रुग्णाचे नाव व गाव घेतले होते. वैद्यांची संमती रुग्णाच्या वतीने लागू होत नाही. लिप्यंतर करतानाच नाव, गाव व व्यवसाय गाळला.

यंत्राविषयी थोडेच. भ्रमणध्वनीवर मुद्रण करीत असल्यास तो एअरप्लेन मोडवर ठेवावा. मध्येच आलेल्या कॉलने मुद्रण खंडित होऊ शकते. अर्धा मिनिट मुद्रण करून ऐकून पाहावे. पल्व्हरायझर चालू असलेल्या खोलीत बसू नये. बैठकीतले बोलणे आधी उरकून मग भट्टीपाशी जावे, आणि तेथे “हे असे”, “एवढे” असे हातवारे झाले की त्यांचे वर्णन आपण शब्दांत करावे : “आपण चिमटीत सुमारे दोन इंचांची वात वळली आहे.” नाहीतर घरी आल्यावर ध्वनिफितीत “एवढे” हा शब्दच उरतो.

मसुदा परत दाखवणे

आठवड्याच्या आत लिप्यंतर करून त्यांची विधाने, आकडे व त्यांच्या मतांचा मी लिहिलेला सारांश त्यांच्याकडे पाठवला. माझे स्वतःचे निष्कर्ष दुरुस्तीसाठी पाठवले नाहीत. त्यांची जबाबदारी लेखकाची. परत आलेल्या कागदावर दोन खुणा होत्या. “साका रवाळ लागतो” यापुढे त्यांनी “बला भरड असल्यास हे लक्षण फसवते, कल्क वस्त्रगाळ चूर्णाचा असावा” असे जोडले होते. आणि नावासह छापण्याच्या संमतीवर काट मारून “नावाविना” असे लिहिले होते, खाली नवा दिनांक व सही.