कडब्याच्या रानात जर्सी की म्हैस?

दूधधंदा सुरू करायचा म्हणून जर्सी घेऊ की म्हैस घेऊ, असं विचारायला आमच्याकडे अधूनमधून कुणी ना कुणी येतं. मी आधी त्यालाच विचारतो, एप्रिल, मे आणि जूनमध्ये जनावरापुढं काय टाकणार? याचं उत्तर मिळालं की गाय की म्हैस हा प्रश्न निम्मा सुटतो.

मी मंगळवेढा भागातला. आमची काळी रानं रब्बी ज्वारीची. मालदांडीचा कडबा साधलेल्या वर्षी एकरी दीड-दोन टन निघतो, त्यामुळं वाळल्या वैरणीची ददात नसते. अडचण हिरव्याची. विहिरीला पाणी असतं तोवर दहा गुंठे हत्ती घास तग धरतो, उन्हाळ्यात त्याची कापणी जवळजवळ थांबते. मात्र दिवाळीनंतर भीमाकाठच्या उसाला तोड लागते आणि वाढं स्वस्तात मिळू लागतं. गोठ्यापुढं हिरवे भारे दिसायला लागले की आपल्याकडे चारा आहे असं वाटतं. आमचा धंदा याच दिवसांत सुरू झाला.

कालव्याच्या पट्ट्यातून आम्ही दोन जर्सी संकरित गाई आणल्या. दोन्ही दुसऱ्या वेताच्या, मालकाकडे दोन्ही वेळचं मिळून बारा-तेरा लिटर देणाऱ्या. तिथं त्यांना मेथी घास आणि मका रोज होती. आमच्याकडे वाढं, कडब्याची कुट्टी आणि गोळी पेंड. दूध थोडं कमी झालं, पण टिकलं. मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि वाढं बंद झालं. त्याच सुमाराला घासही खुंटला. दावणीत राहिला नुसता कडबा.

आठवड्याभरात दूध आठ लिटरच्या आसपास आलं. त्याहून वाईट बातमी संकलन केंद्राच्या पावतीवर होती. फॅट लागत होतं, पण एसएनएफ साडेआठवरून आठवर घसरलं होतं, आणि तिथं पॉइंटामागं पैसे कापले जात होते. दुधात पाणी घातल्याचा संशय घेतात म्हणून माणूस इथं चिडतो. पण गाईला दिवसाला लागते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही की दुधातलं प्रथिन उतरतं आणि त्याबरोबर एसएनएफही. धार स्वच्छ आहे, भांडी कोरडी आहेत आणि तरी एसएनएफ लागत नसेल, तर बहुतेक वेळा वैरणीतच शोधायचं असतं.

दूध सावरायला आम्ही मक्याचा भरडा वाढवला. चारेक दिवसांत शेण पातळ झालं, त्यात अख्खे कण दिसू लागले, गाय बसून रवंथ करेनाशी झाली आणि आता फॅटही साडेतीनच्या खाली आलं. पुढं एक गाय पाय उचलून टाकू लागली. डॉक्टर आले, त्यांनी शेण काठीनं उकरून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, हिच्या पोटात आंबट झालंय. भरडा बंद करा, कडबा मोकळा टाका." चाऱ्याची उणीव दाण्यानं भरून काढायला गेलं की हे होतं. गाईच्या पोटाला चोथा लागतो. तो कमी आणि पीठ जास्त झालं की आम्ल वाढतं, फॅट पडतं आणि त्याचा परिणाम खुरांपर्यंत जातो.

खरा तोटा मात्र उशिरा कळला. विल्यानंतर दोन-अडीच महिन्यांत गाय माजावर यावी, त्या दोघी पाऊस पडेपर्यंत आल्याच नाहीत. अंग उतरलेलं, आणि हिरव्यातून मिळणारं जीवनसत्त्व अ कित्येक आठवडे पोटात नाही. गाय जेवढी उशिरा भरते, तेवढा तिचा भाकड काळ लांबतो, आणि त्या काळातली वैरण दुधाशिवाय घालावी लागते.

त्याच वर्षी, त्याच कडब्यावर, माझ्या चुलत्यांची पंढरपुरी म्हैस पाच-साडेपाच लिटर देत होती. खांद्याच्या मागं जाणारी लांब शिंगं, अंगानं बेताची, आमच्याच सोलापूर-सांगली-कोल्हापूर भागातली जात. म्हशीचं पोट भरड वैरण गाईपेक्षा चांगलं पचवतं. चोथा भरपूर असल्यानं तिचं फॅटही सहा-सातच्या खाली गेलं नाही. हिरवं कमी पडल्याचा फटका तिलाही बसला, पण गाईइतका नाही. उतरलेल्या दुधाला भाव धरून होता.

इथवर ऐकून लोक म्हणतात, मग म्हैसच घेतो. त्यांना मी हिशेब मांडायला बसवतो. भाव वर्षागणिक हलतात, म्हणून यातले आकडे आपल्या गावचे घालून बघावेत. गोळी पेंड 32 रुपये किलो, कडबा 8 रुपये आणि हिरवं 3 रुपये किलो धरू. कडबा घरचा असला तरी भाव लावायचाच, कारण तो विकला असता तर पैसे आलेच असते. सरासरी 9 लिटर देणाऱ्या जर्सीला 5 किलो पेंड, 6 किलो कडबा आणि 15 किलो हिरवं, म्हणजे दिवसाला 253 रुपये. दूध 34 रुपयांनी गेलं तर 306 येतात, हातात 53 राहतात. सरासरी 6 लिटर देणाऱ्या म्हशीला साडेचार किलो पेंड, 8 किलो कडबा, 10 किलो हिरवं, मिळून 238. डेअरीला 50 रुपये भाव मिळाला तर 300 येतात आणि 62 उरतात.

दिवसाच्या हिशेबात म्हैस पुढं दिसते. वेताचा हिशेब केला की चित्र उलटतं. जर्सी नीट भरली तर दहा महिने दूध देते आणि तीनेक महिने आटते. म्हैस नऊ-सव्वानऊ महिने दूध देते आणि सहज साडेपाच महिने भाकड राहते. त्या दिवसांत रोज 130 रुपयांची वैरण खाते. डेअरीच्या भावानं दुधात मिळवलेले साधारण सतरा हजार भाकड काळातल्या बावीस हजारांपुढं टिकत नाहीत. जर्सी त्याच रीतीनं एका वेतात चार-पाच हजार वर राहते, तेही ती वेळेवर गाभण गेली तर. आता तेच म्हशीचं दूध घरोघरी 65 रुपयांनी घाला. दिवसाला 152 उरतात आणि भाकड काळ वजा जाता वीस हजारांच्या आसपास हाती राहतात. कोल्हापुरात गंगावेशीला गवळी म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, तिथं म्हैस परवडते ती याच कारणानं. औषधपाणी, रेतन आणि तुमची मजुरी यात धरलेली नाही. शेणखत आणि वासरूही धरलेलं नाही.

म्हणून हिरवं कमी असलेल्या माणसाला माझं सांगणं असं आहे. जवळ तालुक्याचं गाव किंवा मोठी वस्ती असेल, पंधरा-वीस घरं रोज दूध घेतील आणि उन्हाळ्यात म्हशीला डुंबायला किंवा दिवसातून दोनदा अंगावर ओतायला पाणी असेल, तर म्हैस घ्या. काळं कातडं आणि कमी घामग्रंथी यामुळं तिला ऊन सोसत नाही. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो. ती हंबरत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारून सोट गळते का, दूध अचानक कमी झालं का, वारंवार थोडं थोडं मुतते का, हे पाहावं लागतं. माज हुकला की बऱ्याचदा थेट पावसाळ्यानंतरच सापडतो. दोन म्हशी असतील तर त्या चार-पाच महिन्यांच्या अंतरानं विणाऱ्या असाव्यात, नाहीतर गिऱ्हाइकांचं दूध एकदम तुटतं आणि तुटलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

दूध फक्त डेअरीलाच जाणार असेल तर जर्सी संकरित घ्या, पण आठ-नऊ लिटरची. पंधरा लिटरची गाय कडब्याच्या रानात आणू नये. तिचं दूध उतरायला वेळ लागत नाही, आणि अंग त्याच्याही आधी उतरतं. आणि आधी मुरघास, मग गाय, हा क्रम सोडू नका.

दोन जनावरांना उन्हाळ्याचे चार महिने रोज दहा-दहा किलो मुरघास द्यायचा म्हटलं तर 2400 किलो लागतो. नासधूस धरून तीन टन. पावसाळी मका दहा गुंठ्यांत चार टनांच्या आसपास हिरवा चारा देते, म्हणजे तेवढीच जागा पुरते. कणीस दुधाळ अवस्था ओलांडून चिकात आलं की कापायचं. कुट्टी मुठीत दाबून मूठ उघडावी. पाणी टपकलं तर अजून ओली आहे, गोळा लगेच फुटला तर वाळून गेली आहे, गोळा हळूहळू सुटला तर भरायला योग्य. पिशवीत किंवा खड्ड्यात थर थर तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बंद करायचं. दीड महिन्यानं उघडल्यावर पिवळसर हिरवा रंग आणि आंबूस वास यायला हवा. काळा, बुळबुळीत किंवा बुरशी धरलेला भाग गाभण जनावराला तर मुळीच घालू नये.

कडबा लांब टाकला की बराचसा पायाखाली जातो, म्हणून कुट्टी करूनच द्यावा. वाढं मिळतं त्या महिन्यांत खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम चुकवू नये, कारण वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय विल्यावर बसली की कारण अनेकदा इथंच असतं.

आता खरेदी. जनावर घेताना सलग तीन धारा समोर काढून घ्याव्यात, चारही सड मोकळे आहेत का बघावं, आणि मालकाला हे विचारावं की ही रोज काय खाते. तो मेथी घास दाखवायला लागला तर ती गाय तुमच्या दावणीला तेवढं दूध देणार नाही हे धरूनच भाव करावा. शक्य असेल तर आपल्यासारख्याच कोरड्या गावातून, कडबा खाणारं जनावर घ्यावं. आणल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस जुन्या मालकाचीच पेंड द्यावी. त्याच्याकडून एक-दोन पोती बरोबर घ्यावीत आणि आपली वैरण रोज थोडी थोडी मिसळत जावं.