कपाटाची दारं आणि चोवीस इंच

चिपळूण

चि. मुग्धास,


तुझा नकाशा आणि फोटो मिळाले. ताईने फोनवर सांगितलं की कपाटाला सरकती दारं लावायचं जवळजवळ ठरलंय, कारण खोली लहान आहे आणि सरकत्या दाराने जागा वाचते. तीस वर्षं ठाण्यात फर्निचरची कामं घेतली, त्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आणि पहिली काही वर्षं स्वतःही इतक्यांदा बोललो, की मिस्त्रीला अॅडव्हान्स देण्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाईने लिहितोय.

तुझी बेडरूम 9 फूट बाय 10 फूट. पलंग 5 फूट रुंद, डोक्याकडची फळी धरून 80 इंच लांब. तो दारासमोरच्या भिंतीकडे डोकं करून एका बाजूला भिंतीलगत सरकवायचा, हे तू बरोबर ठरवलंस. दुसरा मार्ग नाहीच. आता 9 फुटांचे इंच कर: 108. त्यातून पलंगाचे 60 गेले, राहिले 48. या 48 इंचांत कपाट बसायचं आहे आणि तुम्हा दोघांना चालायचं, वाकायचं, कपडे काढायचे आहेत. दाराचा सगळा प्रश्न या 48 इंचांच्या वाटणीचा आहे.

बिजागरीचं कपाट 24 इंच खोल करतात. हँगर साधारण 17-18 इंचांचा असतो, त्यावर शर्टाचे खांदे आणि बाह्या थोड्या बाहेर येतात, म्हणून आत 21-22 इंच मोकळे लागतात. पाठीचा प्लाय आणि समोरचं शटर मिळून 24 होतात. सरकत्या दाराला मात्र एकापुढे एक अशी दोन दारं आणि त्यांचे दोन रूळ लागतात. त्यात साडेतीन-चार इंच जातात. आतली जागा तेवढीच ठेवायची तर कपाट 28 इंचांवर येतं. म्हणजे बिजागरीच्या कपाटापुढे चालायला 24 इंच उरतात आणि सरकत्या दाराच्या कपाटापुढे 20. जे दार जागा वाचवायला आणलं, तेच तुझ्या पायाखालचे चार इंच कायमचे खाऊन बसतं. बिजागरीचं दार जागा घेतं ते उघडं असेपर्यंतच, आणि सरकत्या दाराचे रूळ रात्रंदिवस तिथेच असतात.

तुझा मिस्त्री म्हणेल, ‘मॅडम, मी 24 मध्येच बसवून देतो.’ बसवेलही. मग आत 20 किंवा त्याहून कमी उरतील, हँगर तिरके टांगावे लागतील आणि दार सरकवताना कुर्त्याची बाही रुळात जाईल. असं कपाट ओळखायला मी एक साधी खूण वापरत असे: दाराच्या आतल्या बाजूला कपडे घासून आलेला चकाकणारा पट्टा. दुकानात मांडलेलं कपाट बघायला गेलीस तर आत रिकामा हँगर लावून बघू नकोस, कोट किंवा जाड जॅकेट लावून दार सरकवून बघ.

आता तुझी शंका. 24 इंचांच्या बोळात बिजागरीचं दार उघडेल का? शटर 18 इंचांचं असेल तर उघडेल, पण उघडताना तुला मागे सरावं लागेल आणि मागे पलंग आहे. म्हणून शटरं 15 इंचांची कर. दार काटकोनात उघडल्यावर 15 इंच पुढे येतं, पलंगापर्यंत 9 इंच मोकळे राहतात. तू तशीही त्या दारासमोर उभी नसतेस, उघड्या कप्प्यासमोर असतेस. कपाटातून काही काढायला माणसाला जे चोवीस इंच लागतात, त्यांच्यातच शटरचं येणंजाणं होऊन जातं. ते वेगळी जागा मागत नाही. आपण कागदावर दाराची कमान काढतो आणि घाबरतो, कारण कागदावर माणूस काढायचा राहून जातो.

खरी अडचण तुझ्या खोलीच्या दाराची आहे आणि नकाशात ती कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. ते दार आत उघडतं आणि कपाटाच्याच भिंतीला टेकतं. दहा फुटांची पूर्ण भिंत कपाटाने भरलीस तर दार अर्धंच उघडेल. तेव्हा दाराकडची 36 इंच भिंत मोकळी सोड. राहतात 84. त्यात 15 इंचांची पाच शटरं म्हणजे 75 इंच, आणि दाराकडच्या टोकाला 9 इंचांचे उघडे खण. तिथे पुस्तकं, चार्जर, औषधं काहीही ठेव. दाराच्या इतक्या जवळ कुठलंही शटर उघडायला नको, एवढाच त्या खणांचा हेतू. पाच शटरं म्हणजे दोन जोड्या आणि एक एकटं. एकट्यात घड्यांचे खण ठेव, जोड्यांमागे हँगर.

ड्रॉवरचं वेगळं सांगतो, कारण तिथे माझी फजिती झाली होती. पंधराएक वर्षांपूर्वी एका छोट्या खोलीत मी हौसेने सरकती दारं लावली. सहा फुटांचं कपाट, दोन दारं, मधे उभा पार्टिशन. पण ड्रॉवर ठेवले बरोबर मध्यावर, दोन कप्प्यांना सारखे पडावेत म्हणून! कुठलंही दार कुठेही सरकवा, ड्रॉवरच्या निम्म्या भागासमोर एक दार उभंच. मालकीणबाईंनी काही न बोलता मला एक ड्रॉवर उघडून दाखवायला सांगितलं. पार्टिशन तोडून, ड्रॉवर पुन्हा बनवून, दोन दिवसांची मजुरी माझ्या खिशातून गेली. दोन दारांचं सरकतं कपाट एका वेळी अर्धंच उघडतं हे सगळ्यांना माहीत असतं. आतली मांडणीही मग त्या अर्ध्याच्या हिशोबाने करावी लागते, हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी तुम्ही दोघं एकाच वेळी ऑफिसची तयारी करता ना? मग अर्धं कपाट म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

ड्रॉवर दोन्ही प्रकारांत 18 इंच बाहेर येणारच. कुठलंही दार त्याचं येणं कमी करत नाही. म्हणून तुझ्या बोळात ड्रॉवरचा तळ जमिनीपासून 28 इंचांवर घे, अगदी खाली नको. पलंगाच्या काठावर बसलीस की तो मांडीच्या वर येईल आणि वाकावं लागणार नाही. मिस्त्रीला एक गोष्ट बजावून सांग: ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना, बिजागरीकडे, इंचभर पॅकिंगची पट्टी हवी. नाहीतर उघडं शटर थोडं आत राहतं आणि ड्रॉवर त्याच्या कडेला घासतो. सनमायका सहा महिन्यांत सोलली गेलेली कपाटं मी मोजू शकणार नाही इतकी पाहिलीत. पलंगालाही बाजूने ओढायचे खण करू नकोस, ते त्याच बोळात येतील. गादी वर उचलणारा बॉक्स कर.

सरकतं दार वाईट आहे असं नाही. शटरच्या वाटेत न टाळता येणारं काही असेल, म्हणजे खांब, खोलीचं दार, नाहीतर कपाटासमोरूनच बाथरूमला जायची वाट, तर सरकतंच लाव. कपाटापुढे 30 इंचांच्या वर मोकळे असतील तर चार इंच गेल्याचं दुःख नाही, आवडेल ते लाव. तुझ्या सासूबाईंच्या खोलीत कपाट बाथरूमच्या वाटेवर येतंय, तिथे मी सरकतंच म्हणेन. शटर उघडं राहिलं आणि रात्री अंधारात त्याची कड कपाळाला लागली, तर तुझं नाव होईल.

पण तिथे लावशील तर वजनाचा विचार कर. तीन फूट बाय सात फूट दार 18 मिलिमीटर प्लायचं, दोन्हीकडे सनमायका, म्हणजे पंचवीस-तीस किलो. त्यावर पूर्ण उंचीचा 4 मिलिमीटरचा आरसा चढवला की आणखी वीसेक. चाकांच्या खोक्यावर किती किलो लिहिलंय ते स्वतः वाच. एवढं रुंद दार पावसाळ्यात थोडं वाकतं. बिजागरीचं वाकलं तर एक कोपरा बाहेर दिसतो, एवढंच. सरकतं वाकलं की शेजारच्या दाराला घासतं, कारण दोघांत जेमतेम बोटाएवढी फट असते. त्यासाठी दाराच्या पाठीत खाच मारून सरळ ठेवणारी अॅल्युमिनियमची पट्टी बसवून घे. नंतर ती बसवणं फार त्रासाचं असतं. दार अर्ध्यावर सोडून बघ. आपोआप एका बाजूला जाऊ लागलं तर रूळ लेव्हलला नाही, पैसे थांबव. आणि चाकांचा एक जास्तीचा जोड त्याच वेळी विकत घेऊन लॉफ्टवर ठेव. बिजागरी बिघडली तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात दुसरी मिळते, दहा वर्षांनी त्याच मापाचं चाक शोधताना मात्र माणूस रडकुंडीला येतो. तुझ्या खोलीतल्या शटरांना, सात फूट उंचीला, चार-चार बिजागऱ्या लावून घे. तीनवर भागतं असं मिस्त्री म्हणेल. नको.

मापं घेताना पलंगाची चौकट मोजू नकोस, चादर घातलेली गादी मोज. बऱ्याच गाद्या काठाला इंच-दीड इंच बाहेर येतात आणि आपला हिशोब एकेका इंचाचा आहे. रविवारी फरशीवर मास्किंग टेपने दोन रेघा मार, भिंतीपासून एक 24 इंचांवर आणि एक 28 वर. दोन दिवस कपाट तिथे आहे असं समजून वावरा, कपड्यांची बादली घेऊन जा, जावईबापूंना समोरून येऊ दे. कुठली रेघ जास्त वेळा तुडवली जाते ते मला फोनवर सांग. मिस्त्रीला सोमवारपर्यंत काही बोलू नकोस.

तुझा,
मामा