मशीनवरचा ‘क्लास ४’ आणि चष्म्यावरचे आकडे

बघ गं, लेसर कटरचं ते जाडजूड मॅन्युअल तू मराठीत नीट आणशील, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती दोनच जागांची: मशीनवरची क्लासची पट्टी आणि चष्म्यावरचं लेबल. जव्हार-मोखाड्याच्या बायका एमडीएफमधून वारली आकृत्या कापायला बसतील, तेव्हा त्यांच्यासमोर फक्त तुझं मराठी असेल.

पहिलं म्हणजे ‘वर्ग ४’ लिहू नकोस. आपल्याकडे वर्ग एक म्हणजे बडा अधिकारी आणि वर्ग चार म्हणजे शिपाई, हे तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या प्रत्येकीला पाठ आहे. लेसरचं नेमकं उलटं. क्लास १ सगळ्यांत निर्धोक, क्लास ४ सगळ्यांत घातक. तेव्हा ‘क्लास ४’ असंच ठेव आणि लगेच खाली लिही: आकडा जितका मोठा, तितका धोका जास्त. क्लास २चा दिसणारा किरण सहसा एक मिलिवॅटच्या आतला असतो, पापणी पाव सेकंदात मिटते आणि डोळा वाचतो. क्लास ४ अर्ध्या वॅटच्या वर सुरू होतो. तिथे पापणी मिटेपर्यंत इजा होऊन गेलेली असते, लाकडावरून उलटून आलेला किरणही डोळ्याला पुरतो, आणि कातडी भाजते ती वेगळीच. तुमच्या सीओटू मशीनची नळी साठ वॅटची आहे.

मग त्याच मशीनवर ‘क्लास १’ कसं लिहिलंय, म्हणून तू गोंधळली असशील. दोन्ही खरं आहे. झाकण बंद असताना किरण बाहेर येत नाही, आणि झाकण उघडलं की आतला स्विच लेसर तोडतो, म्हणून पूर्ण मशीन क्लास १. कुणी ‘जरा बघू या’ म्हणून त्या स्विचला चिकटपट्टी लावली, की समोर उघडा क्लास ४ उभा. म्हणून ‘झाकण बंद असताना’ हे तीन शब्द आकड्याच्या शेजारीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात घे.

‘किरणोत्सर्ग’ही नको गं. आपल्या जिल्ह्यात तारापूर आहे, तो शब्द वाचला की बायकांना अणुभट्टीच आठवेल. सरळ ‘लेसर किरण’ म्हण. पण ‘अदृश्य’ हा शब्द गाळू नकोस. सीओटूचा किरण दिसतच नाही. कामावर दिसणारा लाल ठिपका फक्त जागा दाखवणारा असतो. तो विझला म्हणजे लेसर बंद झाला, असं कुणी समजू नये.

आता चष्मा. ‘गॉगल’ लिहिलंस तर कुणीतरी जत्रेतला काळा गॉगल घालून येईल, म्हणून ‘लेसरचा संरक्षक चष्मा’ असंच लिही. आणि खरं सांगू का, लेबलाचं भाषांतर करूच नकोस. काचेवर `10600 D LB4` असेल तर पानावरही जसंच्या तसं छाप, आकडेसुद्धा देवनागरीत नकोत, कारण वाचणारीला दोन्ही शेजारी धरून जुळवायचे आहेत. अर्थ खाली सांग: पहिला आकडा कोणत्या किरणासाठी, डी म्हणजे सलग चालणारा लेसर, शेवटचा आकडा काच किती रोखते आणि किती तग धरते.

तुमच्याकडे दुसरं छोटं निळ्या लेसरचं मशीनही आहे ना, ४५५ नॅनोमीटरचं, दहा वॅटचं? खरी गफलत तिथेच होईल. त्याच्या चष्म्यावर १९० ते ५४० लिहिलेलं असतं. त्यात ४५५ बसतं, १०,६०० बसत नाही. उलट सीओटूचा पारदर्शक चष्मा निळा किरण आरपार सोडतो, आणि तो किरण थेट डोळ्याच्या पडद्यावर एकवटतो. सीओटूचा किरण बुबुळावरची पारदर्शक काच भाजतो.

निळ्या लेसरच्या चष्म्यावर ‘ओडी’चा आकडा असतो. ओडी ६ म्हणजे ओडी ३च्या दुप्पट नव्हे, हजारपट. दहा वॅटमधून ओडी ३ दहा मिलिवॅट आत सोडतो, म्हणजे डोळ्याला जास्तच. ओडी ६ सोडतो मिलिवॅटचा शंभरावा भाग. हे उदाहरण असंच लिही, सूत्र नको. आणि एक ओळ ठळक कर: चष्मा चुकून आलेल्या किरणासाठी आहे, किरणाकडे बघत बसण्यासाठी नाही.

पान झालं की पाबळच्या विज्ञान आश्रमातल्या कुणाला दाखव. तिथे २००२ पासून फॅबलॅब आहे, मशीन चालवणारे हात आहेत. पण त्याआधी गटातल्या एखाद्या ताईला ते वाचायला दे, दोन्ही चष्मे टेबलावर ठेव आणि म्हण, ‘निळ्या मशीनचा उचला.’ तिने चुकीचा उचलला, तर ताईला समजावत बसू नकोस गं, वाक्य बदल.