दुसरं पत्र

पुण्यात टी-शर्टवर छपाई करून देणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी दीड वर्ष कॉलेज सांभाळून काम करतोय. तिथे छापलेला माल साठवत नाहीत. ऑर्डर आली की छापायचं आणि संध्याकाळी कुरियरला द्यायचं. एक डीटीएफ प्रिंटर, दोन हीट प्रेस, आणि मालकीण असलेल्या ताई धरून तीन माणसं. या कामासाठी मी दोन पत्रं लिहिली होती. पहिल्याला उत्तर आलं नाही. आता नव्या मुलांचे अर्ज आधी माझ्याकडे येतात. "तू चाळ, मला दोनच दे," असं ताई म्हणतात.

१. गुण लिहू नका, वेळ लिहा.

माझ्या पहिल्या पत्रात मी मेहनती, प्रामाणिक आणि जिद्दी होतो. आता रोज वाचतो ते सगळेच असतात. कुरियरवाला साडेपाचला येतो, म्हणून दोन ते साडेपाच आमच्याकडे खरी धांदल असते. दुसऱ्या पत्रात मी लिहिलं: "लेक्चर्स साडेबाराला संपतात. सोमवार ते शुक्रवार दीड ते सहा येईन. सेमिस्टरच्या परीक्षेत तीन आठवडे जमणार नाही. गणपतीच्या आधीच्या महिन्यात मात्र सुट्टी घेणार नाही." परीक्षेचं वाक्य मी खोडणारच होतो. पण ताईंनी तेच दोनदा वाचलं, असं नंतर कळलं. मंडळांचे आणि ढोलपथकांचे टी-शर्ट सगळे एकदमच येतात, आणि न सांगता गायब होणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती.

२. दुकानाची एखादी रोजची डोकेदुखी ओळखा.

ती मला माझ्याच चुकीतून सापडली. आमच्या ढोलपथकाचे टी-शर्ट मी तिथूनच छापून घेतले होते आणि लोगो फुटला होता. पत्रात मी तो हिशेबच मांडला. लोगो छातीवर १० इंच रुंद हवा होता. इंचाला ३०० ठिपके धरले तर ३,००० पिक्सेल लागतात. मी तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला होता. पोचलेली फाइल उघडून पाहिली तर रुंदी १,६००, म्हणजे इंचाला जेमतेम १६०. शिवाय लोगोमागे पांढरा चौकोन आला होता, कारण पीएनजीची पारदर्शक पार्श्वभूमी फोटो म्हणून पाठवताना जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली असती तर दोन्ही गोष्टी टळल्या असत्या. शेवटी लिहिलं, "ऑर्डर घेतानाच ही तपासणी करून गिऱ्हाइकाला फोन करायचं काम मी करू शकेन."

हे काम तोवर ताई स्वतः रात्री जेवण झाल्यावर करत होत्या. मला ते ठाऊक नव्हतं. नशीब म्हणा.

३. न आलेलं येतं म्हणू नका.

गेल्या महिन्यात एकाने लिहिलं की तो काळ्या सुती टी-शर्टवर सब्लिमेशन करतो. सब्लिमेशनची शाई पॉलिएस्टरमध्ये मुरते, सुती कापडात टिकत नाही. आणि त्यात पांढरी शाई नसल्यामुळे काळ्या कापडावर ती दिसतच नाही. एका वाक्यात पितळ उघडं पडलं. वाईट याचं वाटलं की बाकीचं पत्र बरं होतं.

मी लिहिलं होतं: "हीट प्रेस वापरलेली नाही. घरी इस्त्रीने ट्रान्सफर चिकटवून पाहिला, दोन धुण्यांत कोपरे सुटले. इस्त्री सगळीकडे सारखी तापत नसावी आणि हाताचा दाबही पुरत नसावा." भेटायला गेल्यावर ताईंनी याच्यावरच विचारलं, "आणि कापडातला ओलावा?" मी गप्प. मग त्यांनी कोरा टी-शर्ट प्रेसखाली पाच सेकंद दाबून दाखवला. वाफ उठली. आधी ही वाफ काढायची, मग फिल्म ठेवायची.

४. फाइलचं नाव नीट द्या.

`final_new2.pdf` असा अर्ज आला की मी कपाळाला हात लावतो. आमच्याकडे एका दिवसात चाळीस फाइली असतात, आणि नाव चुकलं की भलत्याच्याच टी-शर्टवर भलताच बाप्पा छापला जातो.

५. पैशांचं विचारून घ्या.

मी भिडेपोटी पत्रात विचारलं नाही. तासाचे किती, हे मला महिनाअखेरीस पाकीट उघडल्यावर कळलं.

६. कंटाळवाणं काम मागायला लाजू नका.

"मशीन शिकायचंय" सगळेच लिहितात. पण प्रिंटरची पांढरी शाई तळाशी बसते, ती रोज हलवावी लागते, नोझल तपासावे लागतात. तिथे नवख्याला कुणी हात लावू देत नाही. मी पॅकिंग मागितलं होतं. पहिल्याच दिवशी घड्या घालताना एका ऑर्डरमध्ये 'एल'च्या जागी 'एम' सापडला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ताई प्रेसकडे धावल्या, मी कुरियरवाल्याला चहा पाजला.