आगंतुक आणि आवासिक : नव्या विद्यार्थ्याचा पहिला तास

आपल्या मुळशी तालुक्यातील शाळांमध्ये नवे विद्यार्थी केवळ जून महिन्यात येत नाहीत. हिंजवडी, माण, मारुंजी या परिसरात बांधकामे चालू आहेत, तोवर मराठवाड्यातून, विदर्भातून, सीमेपलीकडील कर्नाटकातून कुटुंबे येतच राहतात आणि त्यांची मुले कधी ऑगस्टमध्ये, कधी दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या दारात उभी राहतात. मागील शाळेचा दाखला येण्यास विलंब झाला, म्हणून प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या बालकाचा प्रवेश अडवू नये, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात म्हटले आहे. त्यामुळे कार्यालयातील प्रश्न बहुधा सुटतो. कार्यालयापासून वर्गापर्यंतचा व्हरांडा आणि त्यानंतरचा एक तास मात्र कोणत्याही कलमात येत नाही. तो तास वर्गप्रमुखाच्या, मुलांच्या भाषेत मॉनिटरच्या, हाती असतो. त्या एका तासापुरतेच आम्ही येथे लिहीत आहोत.

बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचा विचार करताना आम्हांला प्रथम साताऱ्याची शाळा आठवते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कूलच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले. हाच दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील आपल्या शालेय दिवसांची हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः सांगितली आहे. तीत दोन वस्तू विशेष ध्यानात राहतात. एक म्हणजे बसण्यासाठी घरून आणावे लागणारे गोणपाट. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे, म्हणून ते संध्याकाळी परत घरी न्यावे लागे. दुसरी वस्तू नळ. तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरत नसे. नळ उघडून देण्यासाठी शिपाई हजर असावा लागे आणि तो नसला, तर पाणीही नसे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्येही, हा विद्यार्थी गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे निघताच फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलविण्यासाठी मुले धावली, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदविले आहे.

बसण्याची जागा, पिण्याचे पाणी आणि वर्गाचे वागणे या तीन गोष्टींतच त्या बालकाचे एकटेपण सामावले होते. म्हणून आमच्या वर्गप्रमुखांना आम्ही ‘नव्या मुलाशी गोड बोला’ असे सांगत नाही. जागा कोठे, पाणी कोठे आणि वर्गाने काय करावयाचे नाही, एवढेच शिकवितो.

या शिकवणीचा आधार आपल्या धम्मपरंपरेतच आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटते. विनयपिटकातील चुल्लवग्गात वत्तक्खंधक नावाचे प्रकरण आहे. वत्त म्हणजे पाळावयाची रीत. बाहेरून विहारात येणारा भिक्खू तो आगंतुक आणि तेथे आधीपासून राहणारा तो आवासिक. निवासी भिक्खू आलेल्यांसाठी आसनही मांडीत नाहीत, पाण्याचेही विचारीत नाहीत, अशी तक्रार तथागतांच्या कानी आली, तेव्हा त्यांनी कामे नेमून दिली. आसन मांडावे. पाय धुण्यास पाणी ठेवावे. सामोरे जाऊन पात्र व चीवर घ्यावे. पिण्याच्या पाण्याचे विचारावे. राहण्याची जागा दाखवावी आणि ती कोणाच्या वापरात आहे की मोकळी आहे, हेही सांगावे. शौचाची जागा सांगावी. भिक्षेला कोठे जावे, संघाने ठरविलेल्या वेळा कोणत्या, हेही सांगावे. येणाऱ्यालाही कर्तव्य सांगितले आहे : त्याने या गोष्टी विचारून घ्याव्यात. इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक भेद नमूद केला पाहिजे. हा पूर्ण मान ज्येष्ठ आगंतुकाचा आहे. आलेला भिक्खू कनिष्ठ असेल, तर आवासिकाने बसल्या जागेवरून सांगितले तरी चालते. वर्गात सर्व समवयस्क, म्हणून आम्ही ज्येष्ठाचीच रीत सर्वांना लावतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका प्रसंगावरून पाहू. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, मुळशीच्या संततधारेत, परभणी जिल्ह्यातील एक मुलगा सातवीत आला. वर्गप्रमुख एक मुलगी होती. आदल्या संध्याकाळी आम्ही तिला मुलाचे नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले आणि तिसऱ्या रांगेतील एका बाकावरच्या मुलाला विचारून शेजारची जागा मोकळी करून ठेवली. जागा तिसऱ्या रांगेतच का? पहिल्या रांगेत नव्या मुलाच्या पाठीवर साऱ्या वर्गाची नजर असते आणि शेवटच्या रांगेत तो विसरला जातो. स्वतःशेजारीही वर्गप्रमुखाने त्याला बसवू नये. वर्गप्रमुखाला सतत उठावे लागते आणि तितक्या वेळा नवा मुलगा बाकावर एकटा उरतो.

सकाळी वडील मुलाला घेऊन आले. ती व्हरांड्याच्या टोकाला थांबली. बापलेकांचा निरोप पुरा होईपर्यंत जवळ जावयाचे नाही, हे तिला ठाऊक होते. मग पुढे होऊन ती आधी वडिलांशी बोलली : “जय भीम, काका. मी ह्याच्या वर्गातली. ह्याला वर्गात नेते. तुम्ही निवांत जा.” मुलाकडे वळून तिने त्याला नावाने हाक मारली. येथे एक खुलासा हवा. आपल्या शाळेत ‘जय भीम’ने स्वागत होते. परंतु येणारे मूल कातकरी असेल, ठाकर असेल, अन्य कोणी असेल. त्याने त्याच शब्दांत उत्तर द्यावे, अशी अपेक्षा पहिल्या तासाला करू नये. अभिवादन करणे आपले काम आहे. परत मागितले, तर ती परीक्षा होते.

तिने दप्तर घेण्यासाठी हात पुढे केला. मुलाने ते घट्ट धरले. तिने पुन्हा मागितले नाही. विनयात पात्र व चीवर घ्यावे असे असले, तरी घाबरलेल्या मुलाचे दप्तर ही त्याच्याजवळ उरलेली घरची एकमेव वस्तू असते. वर्गाकडे जाताना तिने त्याला पाण्याची टाकी दाखविली आणि म्हणाली, “बाटली आत्ताच भरून घे. घंटा झाली की गर्दी होते.” हे वाक्य आम्हांला फार योग्य वाटते. ‘तहान लागली का?’ असे विचारले असते, तर मुलगा ‘नाही’ म्हणाला असता. नवे मूल कोणत्याही प्रश्नाला संकोचाचेच उत्तर देते.

वर्गात शिरल्यावर तिने त्याला बाकावर नेले व म्हटले, “ही जागा कोणाची नाही. आजपासून तुझी.” जागा मोकळी आहे की वापरातली, हे सांगण्याचा विनयातील दंडक तो हाच. त्याच्या जागी कोणी येऊन ‘ऊठ, ही माझी जागा आहे’ असे म्हणाला असता, तर आधीचे सारे वाया गेले असते. तिने त्याला चाळीस मुलांची नावे सांगितली नाहीत. शेजारचा, पुढचा आणि मागचा अशी तीनच सांगितली. तेवढी लक्षात राहतात.

मग तिने आपल्या वहीतले वेळापत्रक त्याला उतरवून घ्यावयास दिले. या कामाला दहा-बारा मिनिटे लागतात. तेवढा वेळ हात गुंतलेले राहतात, मान खाली ठेवण्यास कारण मिळते आणि रडू आले, तरी ते कोणाला दिसत नाही. त्यानंतर तिने एकच प्रश्न विचारला : “तुमच्याकडं भूगोलाचा कितवा धडा चालू होता?” बालभारतीचे पुस्तक परभणीतही तेच आणि पौडलाही तेच. मुलाने धडा सांगितला. तो आमच्यापेक्षा एक धडा पुढे निघाला. त्या सकाळी तो प्रथमच पूर्ण वाक्य बोलला. हा उपाय कन्नड माध्यमातून आलेल्या मुलाला लागू पडत नाही. तेथे नकाशा उघडून त्याचे गाव शोधावयास लावणे बरे.

विचारू नयेत असे प्रश्नही आम्ही वर्गप्रमुखांना लिहून देतो. जुनी शाळा का सोडली, वडील काय करतात, किती गुण पडले, हे विचारावयाचे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘पूर्ण नाव सांग’ असेही म्हणावयाचे नाही. आपल्या समाजात आडनाव विचारण्याचा हेतू अनेकदा दुसराच असतो आणि मुलांना तो लहानपणीच कळतो. आपली शाळा बौद्धांची आहे, म्हणून येथे हा प्रश्न निरुपद्रवी ठरतो, असे मानण्याचे कारण नाही. उलट बाजूनेही तो तितकाच बोचतो.

हे शहाणपण आम्हांला आमच्याच चुकीतून आले. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत, यवतमाळकडून आलेल्या एका मुलाला आम्ही वर्गासमोर उभे केले आणि ओळख करून देण्यास सांगितले. बोलता बोलता तो ‘काहून’ म्हणाला आणि वर्ग हसला. आम्हीही किंचित हसलो. पुढे कित्येक आठवडे तो वर्गात ‘हो’ आणि ‘नाही’ यांपलीकडे बोलला नाही. आम्ही त्याला शांत स्वभावाचा समजत होतो.

एकटे पडलेले मूल सहसा रडत नाही, म्हणून ते ओळखू येत नाही. त्याच्या खुणा निराळ्या असतात. दप्तर मांडीवरच राहते. प्रत्येक वाक्याला ‘हो’ येते. भरलेली बाटली उघडली जात नाही. या खुणा मधल्या सुट्टीनंतरही टिकल्या, किंवा मूल जेवले नाही, तर ते काम वर्गप्रमुखाचे राहत नाही. त्याने शिक्षकांना अथवा वसतिगृहाच्या गृहमातांना सांगावे.

घंटा झाली की वर्गप्रमुखाला वाटते, आपला तास संपला. वस्तुतः सर्वांत कठीण पाच मिनिटे तेथे सुरू होतात, कारण चाळीस मुले चाळीस दिशांना पांगतात आणि नवे मूल बाकापाशी उभे राहते. परभणीच्या त्या मुलाला आमच्या वर्गप्रमुखाने घंटेआधीच शेजारच्याच्या हवाली केले होते : “ह्याला डब्याच्या ओळीत तुझ्या पुढं उभं कर.” ‘पुढं’ हा शब्द तिने जाणून वापरला होता. मागे उभे राहिलेले मूल गर्दीत सुटते.

तरीही त्या दिवशी एक गोष्ट राहिलीच. सुट्टी संपेपर्यंत मुलाची बाटली भरलेलीच होती. शेजारच्या मुलाने त्याला कारण विचारले आणि तासाला आल्यावर आमच्या कानात सांगितले : शौचालय कोठे आहे, हे त्याला कोणी दाखविले नव्हते, म्हणून तो पाणी पीत नव्हता. चुल्लवग्गातील यादीत ते होते. आमच्या यादीत ते शेवटी होते आणि व्हरांड्यातून जाताना राहून गेले. वर्गातील कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस वर्गप्रमुखाची कामे लिहिलेला कागद चिकटविलेला असतो. त्यावर मुलांनी स्वतःच खाडाखोड करून ‘शौचालय’ हा शब्द ‘पाणी’ या शब्दाच्या वर लिहिला. तो कागद पुढे दोनदा नव्याने लिहिला गेला, पण क्रम तोच राहिला आहे.